सीड तसाच ठेवा

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी बाई स्टेबल डिफ्युजनने झकास काढली, पण रंग भडक. पुन्हा ‘जनरेट’ दाबलं की सहसा सीड बदलतो, म्हणजे ज्या ठिपक्यांच्या गोंधळातून चित्र उमटतं तोच बदलतो. मग बाईही दुसरीच येते. म्हणून आधी सीडचा आकडा कायम करावा. वर्णन, स्टेप्स तशाच ठेवून फक्त सीएफजी, म्हणजे वर्णनाला किती चिकटून राहायचं तो आकडा, १२ वरून ७ वर आणावा. तो फार वाढला की रंग अंगावर येतात. वहीत लगेच नोंद: ‘सीएफजी ७, रंग निवळले, चेहरा जवळपास तोच.’ प्रकाशाचा शब्द त्यानंतरच बदलावा. चित्राचं माप मात्र मध्येच बदलू नका. सीड तोच असूनही चित्र पार बदलतं.