‘मस्त काम, टीम!’च्या पुढे

नवं ॲप बाजारात आलं की ऑफिसच्या ग्रुपवर ‘मस्त काम, टीम!’ असा संदेश पडतो. आनंद खरा असतो, पण कोणी काय केलं हे त्यातून कळत नाही. समजा, पैसे भरण्याचं बटण दोनदा दाबलं तर रक्कम दोनदा कापली जाते, हे टेस्टरने आदल्या दिवशी पकडलं. मग लिहावं: ‘तुम्ही ही चूक वेळीच दाखवलीत, म्हणून ग्राहकांचे पैसे वाचले.’ व्यक्ती, कृती, परिणाम, तिन्ही आले. हा संदेश ईमेलने, वरिष्ठांना प्रत देऊन पाठवावा. वार्षिक मूल्यमापनात तो पुरावा ठरतो. कौतुक जागरणाचं मात्र करू नये, नाहीतर जागरणच अपेक्षित होतं. आणि ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांना विसरू नका.