तिकीट काढलं, शब्द नाही दिला

महिनाभराच्या स्प्रिंटचा रिव्ह्यू, स्क्रम गाइडनुसार, फार तर 4 तासांचा. तिथे सूचना कुणीही करावी. बॅकलॉगच्या क्रमाची जबाबदारी मात्र प्रॉडक्ट ओनरची.

समजा, विक्रीप्रमुख म्हणाले, ‘इथे एक्सेलचं बटण हवं.’ तिकिटाला ‘एक्सेल बटण बनवणे’ असं शीर्षक दिलं, की अर्धा होकार गेलाच. त्याऐवजी अडचण लिहावी: ‘महिनाअखेरीस विक्रीचे आकडे हाताने उतरवावे लागतात.’ खाली त्यांचं मूळ वाक्य आणि नाव. स्प्रिंट आणि तारखेचे रकाने रिकामे.

बैठकीत उत्तर एवढंच: ‘नोंदवलं आहे, घ्यायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवतो.’

नकार ठरला, तर तिकीट कारणासह बंद करून त्यांना कळवायचं. ते नुसतं पडून राहिलं, तर पुढच्या रिव्ह्यूत ‘तुम्ही कबूल केलं होतं’ हे ऐकावं लागतं.