पहिल्या सव्वा सेकंदाची किंमत

वेगवान गाड्यांमध्ये ‘लाँच कंट्रोल’ नावाची एक सोय असते. डाव्या पायानं ब्रेक दाबायचा, उजव्या पायानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ब्रेक सोडायचा. गाडी बाणासारखी सुटते. या सोयीमुळे इंजिनाची ताकद वाढते, असा अनेकांचा समज आहे. ताकद तेवढीच असते. ती क्लचमधून चाकांपर्यंत किती आणि केव्हा जाऊ द्यायची, एवढंच संगणक ठरवतो.

अडचण साधी आहे. इंजिन मिनिटाला काही हजार फेरे घेतंय आणि चाकं उभी आहेत. या दोघांची गाठ घालून द्यायची, तर मध्ये कुणीतरी घसरलं पाहिजे. एक तर क्लचच्या चकत्या एकमेकींवर घसरतील किंवा टायर रस्त्यावर. रबराची पकड अगदी थोड्या घसरणीत सर्वांत चांगली असते. चाक फार गरगरलं की ती कमी होते. म्हणून संगणक चारही चाकांचा वेग सेकंदात अनेकदा तपासतो, त्याप्रमाणे क्लचवरचा दाब कमी-जास्त करतो आणि गरज पडली तर इंजिनाचाही जोर आवरतो. टायर वाचतो, पण घसरण्याचं काम क्लचच्या वाट्याला येतं.

ते काम किती मोठं असतं, हे निसान जीटी-आर या जपानी गाडीवरून पाहू. ही गाडी २००७ साली जपानमध्ये आणि २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. तिचा दोन क्लचांचा गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ बसवलेला आहे. सुरुवातीच्या गाड्यांत गाडी घसरू न देणारी यंत्रणा बंद केली, तर इंजिनाचे फेरे सुमारे ४,५०० वर धरून सुटता येत असे. पहिल्या गिअरमध्ये ४,५०० फेरे म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर वेग. गाडी तिथं पोचेपर्यंत क्लच घसरतच राहणार.

आता ढोबळ हिशेब करू. टायर घसरले नाहीत आणि क्लचचा जोर सारखा राहिला, तर गाडीला जेवढी गतिऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. चालकासह १,८०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरवर जाते, तेव्हा ही ऊर्जा सुमारे ११० किलोज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत तीन कप चहाचं पाणी उकळीला येईल, आणि ही उष्णता निर्माण होते अवघ्या सव्वा सेकंदात! तीही काही पातळ चकत्यांवर.

अमेरिकेत काही मालकांचे गिअरबॉक्स अशा सुटण्यातून निकामी झाले. बदलायचा खर्च सुमारे २०,००० डॉलर सांगितला जात होता. ती यंत्रणा बंद करून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, अशी कंपनीची भूमिका होती आणि त्यावरून बराच वाद झाला. माझ्या मते मालकांची नाराजी समजण्यासारखी होती. बटण गाडीतच दिलेलं होतं. २००९ मध्ये कंपनीनं संगणकाची आज्ञावली बदलली आणि सुटतानाचे फेरे सुमारे ३,००० वर आणले. वरच्याच हिशेबानं क्लच आता ताशी २७ किलोमीटरलाच पूर्ण बसतो आणि उष्णता ५० किलोज्यूलच्या आत राहते, म्हणजे निम्म्याहून कमी. फेरे दोन-तृतीयांश झाले, तरी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यानं हा फरक एवढा मोठा पडतो. गंमत म्हणजे गाडी त्यानं संथ झाली नाही.

उष्णतेखेरीज दुसरा घाव असतो तो धक्क्याचा. ओल्या किंवा वाळू पडलेल्या रस्त्यावर चाक गरगरतं, तेव्हा क्लचला त्रास कमी होतो. पण गरगरणाऱ्या चाकाला एकाएकी कोरडा डांबरी रस्ता लागला, की सगळा हिसका गिअरचे दाते आणि ॲक्सलवर येतो. क्लचची झीज हळूहळू होते. दाता मात्र एका क्षणात तुटू शकतो.

जीटी-आरचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तेल उष्णता वाहून नेतं. काही लहान गाड्यांत कोरडा दुहेरी क्लच असतो. त्याची उष्णता धातूच्या चकतीतच साठते आणि ती हवेनं निवायला वेळ लागतो. म्हणून अनेक गाड्यांचा संगणक लागोपाठ काही वेळा सुटल्यावर ही सोय स्वतःच बंद करतो. गाडी बिघडली म्हणून चालक वैतागतो. वास्तविक ती गार होण्याची वाट पाहत असते.

जुनी वेगवान गाडी घेणार असाल, तर आधी ती सपाट रस्त्यावर अगदी हळू सोडून पाहा. थरथरत निघाली, तर क्लचच्या चकत्यांचा पृष्ठभाग खराब झाल्याची शंका घ्या. मग वरच्या गिअरमध्ये चढावर जोर द्या. फेरे वाढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्सचं तेल केव्हा बदललं, त्याची पावती मागा. त्या तेलात चकत्यांचा चुरा मिसळत असतो.

आणि बंदिस्त ट्रॅकवर स्वतःच ही सोय वापरलीत, तर त्यानंतर लगेच रांगेत इंच-इंच सरकू नका. त्यात क्लच पुन्हा घसरतो. दोन-तीन किलोमीटर संथपणे, वरच्या गिअरमध्ये गाडी चालवा. क्लच तेव्हा पूर्ण बसलेला असतो आणि तेलाला निवायला सवड मिळते.