बंद पडलेलं खातं चालू करताय? आधी पासबुकातली कपात बघा

बचत खात्यावर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय करते. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस हा खातेदाराचा व्यवहार धरला जात नाही.

खातं चालू करण्यासाठी अर्ज, आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), फोटो आणि पासबुक न्यावं. केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत करता येते, खात्याचीच शाखा लागते असं नाही. कागद पूर्ण असतील तर तीन कामाच्या दिवसांत खातं चालू झालं पाहिजे. त्यासाठी फी लागत नाही, कुणी मागितली तर पावती मागा.

खरी मेख कपातीत असते. समजा, एका शेतकऱ्याचा शेवटचा व्यवहार जून २०२१ चा. म्हणजे जून २०२३ नंतर खातं निष्क्रिय. पासबुक भरून घेतलं, तर किमान शिल्लक नाही म्हणून दर तिमाहीला ११८ रुपये (१०० आणि जीएसटी) कापलेले दिसले. जून २०२३ च्या आधीची कपात बँकेच्या नियमात बसू शकते. पण त्यानंतरच्या सहा नोंदी, म्हणजे ७०८ रुपये, रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहेत. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, उलट बचतीचं व्याज चालूच राहतं.

तेव्हा त्याच अर्जात नोंदींच्या तारखा लिहून रक्कम परत मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी बोलण्याला शाखेत कुणी विचारत नाही.