कर्ज फेडताय, पण सँक्शन लेटर आणि करारनामाच मिळाला नाही? प्रमाणित प्रत अशी मागा

कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला, पैसे खात्यात जमा झाले, पुढच्या महिन्यापासून हप्ताही कापला जाऊ लागला. पण ज्या कागदांवर पंचवीस-तीस सह्या केल्या, ते कागद कुठे आहेत? अनेक कर्जदारांकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. हप्ते सुरळीत सुरू असतात तोवर कुणाला त्याची गरजही वाटत नाही. व्याजावरून वाद झाला किंवा कंपनीच्या वतीनं परराज्यातल्या एखाद्या लवादाची नोटीस आली की मात्र सगळं त्या न मिळालेल्या कागदांपाशी येऊन अडतं.

हे कागद कर्जदाराला देणं ही बँकेची मेहेरबानी नाही. कर्ज मंजूर होताना किंवा वाटप होताना करारनाम्याची प्रत, आणि करारात ज्या जोडपत्रांचा उल्लेख आहे त्या प्रत्येकाची प्रत कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता, म्हणजे फेअर प्रॅक्टिसेस कोड सांगतो. बँकांसाठी ही संहिता २००३ पासून आहे. बिगरबँक वित्तीय कंपन्यांना, म्हणजे एनबीएफसींनाही तसंच बंधन आहे. शिवाय मंजूर रक्कम, वार्षिक व्याजदर आणि व्याज कोणत्या पद्धतीनं लावणार हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

एका कागदावर ४९ हजार रुपये कसे ठरतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोलापुरात गॅरेज चालवणाऱ्या एका कारागिरानं जून २०२३ मध्ये एका एनबीएफसीकडून तीन लाखांचं कर्ज घेतलं. मुदत ३६ महिने. एजंटनं तोंडी सांगितलं, "बारा टक्के व्याज." हप्ता ठरला ११,३३३ रुपये. खात्यात मात्र तीन लाखांऐवजी २,८१,५०० रुपयेच आले. उरलेले १८,५०० प्रक्रिया शुल्क आणि विम्यात गेले, असं फोनवर सांगण्यात आलं.

आता बारा टक्के म्हणजे नेमके कोणते? दर महिन्याला कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर बारा टक्के व्याज लावलं, तर हप्ता साधारण ९,९६४ रुपये येतो. पूर्ण तीन लाखांवर तिन्ही वर्षं सरसकट बारा टक्के लावले, म्हणजेच फ्लॅट दर घेतला, तर हप्ता ११,३३३ होतो. दोन्हींतला फरक महिन्याला १,३६९ रुपये, ३६ महिन्यांत ४९ हजारांहून जास्त. आपला हप्ता खरा किती टक्क्यांचा आहे, हे एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये असं तपासता येतं:

```
=RATE(36,-11333,300000)*12
```

उत्तर येतं ०.२१२, म्हणजे घटत्या शिल्लकेवर वर्षाला सुमारे २१ टक्के. पण एवढ्यावरून कंपनीनं जास्त पैसे घेतले असं म्हणता येत नाही. मंजुरीपत्रात "१२ टक्के, घटत्या शिल्लकेवर" असं लिहिलं असेल आणि हप्ता ११,३३३ चा कापला जात असेल, तर या कारागिराची तक्रार भक्कम आहे. करारातच २१ टक्के लिहिलेले असतील आणि खाली त्याची सही असेल, तर एजंटच्या तोंडी शब्दाला फारसं वजन उरत नाही. आणि नुसताच "१२ टक्के" असा उल्लेख असून पद्धत लिहिलेली नसेल, तर पद्धत कळवण्याचा नियमच पाळला गेलेला नाही. तीन शक्यता, आणि त्यातली खरी कोणती हे कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही.

अर्ज करण्याआधी ई-मेल पाहा

आधी आपल्या ई-मेलमध्ये, स्पॅम फोल्डरसह, कंपनीचं नाव आणि "sanction", "agreement", "welcome" हे शब्द शोधा. ॲपवरून किंवा आधार ओटीपीनं सही करून घेतलेल्या कर्जांचे कागद बहुतेक वेळा पासवर्ड असलेल्या पीडीएफच्या रूपात आलेले असतात. डिजिटल कर्जात मंजुरीपत्र आणि अटींचे कागद नोंदणीकृत ई-मेल किंवा एसएमएसवर आपोआप पाठवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. एजंटनं फॉर्म भरताना स्वतःचाच ई-मेल टाकून दिल्याचे प्रकारही घडतात. म्हणून कंपनीकडे आपला कोणता ई-मेल आणि मोबाइल नंबर नोंदवलाय, हे आधी विचारून घ्या.

अर्जात काय लिहायचं?

कॉल सेंटरला फोन करून हे काम सहसा होत नाही. तिथून तक्रार क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी कर्जखात्याचा उतारा किंवा हप्त्यांचं वेळापत्रक ई-मेलवर येतं. "लोनचे पेपर द्या" इतकंच मोघम मागितलं तर समोरच्याला सोपा असेल तो कागद तो देतो. त्यामुळे अर्जात प्रत्येक कागदाचं नाव हवं. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"माझ्या वरील क्रमांकाच्या कर्जाचं मंजुरीपत्र आणि करारनामा यांची प्रत मंजुरीच्या किंवा वाटपाच्या वेळी मला मिळालेली नाही. कृपया पुढील कागदांच्या, पानापानावर शिक्का, अधिकृत अधिकाऱ्याची सही, नाव, पद आणि तारीख असलेल्या प्रमाणित प्रती द्याव्यात: १) मंजुरीपत्र आणि त्यावरील माझी स्वीकृती, २) सह्या झालेला संपूर्ण करारनामा, भरलेल्या शेड्यूलसह, ३) करारात उल्लेख असलेली सर्व जोडपत्रं, विम्याचा संमती अर्ज धरून, ४) वाटपाच्या दिवशी कापलेल्या रकमांचा तपशील. या प्रती मला पूर्वी दिल्याची आपल्याकडे नोंद असल्यास ती पोचही जोडावी."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. सह्यांच्या त्या गठ्ठ्यात "मला कराराची प्रत मिळाली" अशी एक छापील ओळ असते आणि तिच्याखालीही सही झालेली असते. कंपनी तीच ओळ पुढे करू शकते. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती पोचच मागितलेली बरी. त्यावर तारीख आहे का, प्रत कशानं पाठवली हे लिहिलंय का, ते तरी दिसतं.

अर्ज शाखेत दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि तोच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर असतो. कर्जाचा क्रमांक, अर्जदाराची सही आणि ओळखपत्राची प्रत जोडली नाही, तर "अर्जदाराची ओळख पटत नाही" म्हणून अर्ज परत येऊ शकतो. सहकर्जदार असेल तर त्याचीही सही घेतलेली सोयीची.

शुल्क मागितलं तर? कंपनीच्या दरपत्रकात "डुप्लिकेट कॉपी"चा दर असू शकतो. पहिली प्रतच मिळालेली नाही, त्यामुळे ही डुप्लिकेट नाही, हे लेखी कळवा. रक्कम किरकोळ असेल आणि कागद तातडीनं हवे असतील, तर हरकत नोंदवून भरा आणि पावती ठेवा.

हाती आलेली प्रत खरीच पूर्ण आहे का?

बऱ्याचदा येतो तो कराराचा छापील नमुना. त्यात अटी सगळ्या असतात, पण कर्जदाराचं नाव, रक्कम, दर यांच्या जागा रिकाम्या. तो तुमचा करार नाही. तुमच्या करारात शेवटी किंवा सुरुवातीला शेड्यूल नावाचा तक्ता असतो आणि खरी माहिती तिथेच असते: रक्कम, दर, दर स्थिर की बदलता, दंड, मुदतीआधी फेडीचं शुल्क. हा तक्ता भरलेला आहे का, प्रत्येक पानावर तुमची सही आहे का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, मुद्रांकाची तारीख सहीच्या तारखेनंतरची तर नाही ना, हे पाहा. वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरात बसणार, हेही इथेच लिहिलेलं असतं.

सही करताना तक्ता कोरा होता, अशी शंका असेल तर झेरॉक्सवरून काही कळणार नाही. शाई आणि अक्षर मूळ कागदावरच दिसतं. त्यासाठी शाखेत मूळ करार पाहू देण्याची वेगळी लेखी मागणी करावी लागते.

तीस दिवसांत काहीच झालं नाही तर

लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. वकिलाची गरज नसते. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मुदतीचं बंधन असतं, म्हणून ३० दिवस उलटल्यावर थांबू नका. आणि तक्रारीत "कागद द्यायला सांगा" ही एकच मागणी ठेवा. व्याजाचा वाद त्यातच मिसळला तर कागदांचा साधा प्रश्न मागे पडतो. गृहवित्त कंपन्यांसाठी तक्रारीची वाट वेगळी आहे, ती राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.

सरकारी बँक असेल तर आणखी एक दार उघडं असतं. या बँका माहिती अधिकार कायद्याखाली येतात आणि त्या कायद्यात प्रमाणित प्रत मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अर्जाचे १० रुपये, पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी बँक आणि एनबीएफसीला हा अर्ज चालत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ कामाला येतं. सभासदाला त्याच्या व्यवहारांच्या नोंदी विनाशुल्क पाहता येतात आणि ठरलेली फी भरल्यावर महिन्याभरात त्यांच्या नकला मिळायला हव्यात. संस्थेनं दाद दिली नाही तर तक्रार उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे जाते.

सोशल मीडियावरचे दोन गैरसमज

"कागद दिले नाहीत तर बँक रोज पाच हजार रुपये भरपाई देते," अशी पोस्ट अधूनमधून फिरते. तो नियम खरा आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी आहे. कर्ज पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मालमत्तेचे मूळ दस्त परत न केल्यास ती भरपाई मिळते. करारनाम्याच्या प्रतीला ती लागू नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: प्रत मिळाली नाही म्हणजे कर्ज रद्द, किंवा प्रत मिळेपर्यंत हप्ता थांबवता येतो. तसं नाही. पैसे घेतलेत आणि सही केलीये, त्यामुळे देणं कायम राहतं. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिलवर नोंद होते आणि मग कंपनीच तक्रारदार बनते. अर्ज सुरू ठेवायचा, हप्ताही भरत राहायचा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना आणखी एक कागद लागू आहे, की फॅक्ट स्टेटमेंट. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो आणि त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्ज या तारखेनंतरचं असेल तर वरच्या अर्जात पाचव्या क्रमांकावर त्याचंही नाव घाला. सोलापूरच्या उदाहरणातलं कर्ज २०२३ चं आहे, त्यामुळे तिथे मंजुरीपत्र आणि करारनामा हेच दोन कागद निर्णायक ठरतात.