दोन जोड कमी पडतात तेव्हा

कोल्हापुरातलं चपलांचं एखादं दुकान घ्या. गल्ल्यावर विक्री चालतेच, शिवाय ॲमेझॉनवरून आठवड्याला साठेक ऑर्डरी येतात आणि माल दुकानदार स्वतः कुरिअरने पाठवतो. गिऱ्हाईक आठ नंबरचा शेवटचा जोड दुकानातून घेऊन जातं, पण ऑनलाइन यादीत तो तसाच दिसत राहतो. तासाभरात त्याचीच ऑर्डर येते आणि ती रद्द करावी लागते.

ॲमेझॉनच्या नियमाने विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण सात दिवसांत अडीच टक्क्यांच्या आत हवं. साठात एक रद्द झाली तर १.६७ टक्के, दोन झाल्या तर ३.३३. म्हणजे दोन जोडांच्या चुकीने छोटा दुकानदार मर्यादेबाहेर जातो. हजार ऑर्डरी असणाऱ्याला चोवीस माफ असतात. लहान विक्रेत्याला हे प्रमाण फार जड जातं, असं मला वाटतं. म्हणून दुकानात तीन जोड उरले की ऑनलाइन एकच दाखवावा. थोडी विक्री बुडेल, पण खातं वाचेल. ग्राहकालाच ऑर्डर नको असेल, तर त्याला ती स्वतःच्या खात्यातून रद्द करण्याची विनंती टाकायला सांगावं, म्हणजे ती विक्रेत्याच्या नावावर चढत नाही.

रद्द करायला नको म्हणून जोड येईपर्यंत थांबलं, तर माल उशिरा निघतो. त्याची मर्यादा चार टक्के. महिन्याच्या २४० ऑर्डरींत नऊ उशीर खपतात, दहावा नाही. इथे काहीजण पार्सल दुकानातच असताना ‘पाठवलं’ असं नोंदवतात. आकडा तेवढ्यापुरता सावरतो, पण ट्रॅकिंग हलत नाही आणि ग्राहक चिडतो. मग एक-दोन तारे पडतात किंवा पैसे परत मिळावेत म्हणून दावा येतो, आणि ती ऑर्डर सदोष धरली जाते. सदोष ऑर्डरींचं प्रमाण साठ दिवसांत एक टक्क्याच्या आत लागतं. आपल्या दुकानाच्या ४८० ऑर्डरींत चार चालतील, पाचवी नाही. शिवाय हा डाग लवकर जात नाही. रद्द केलेली ऑर्डर आठवड्याभरात हिशोबातून बाहेर पडते, सदोष ऑर्डर दोन महिने मागे राहते. तीनही मर्यादांत हीच सर्वांत धोक्याची. ती ओलांडली की खातं बंद होऊ शकतं.

त्यापेक्षा ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंतची मुदत, म्हणजे ‘हँडलिंग टाइम’, एक दिवसाऐवजी दोन दिवस ठेवावी. ही मुदत पुढच्या ऑर्डरींनाच लागू होते. गणपतीत दुकान बंद ठेवायचं असेल, तर सुट्टीची सोय आदल्या दिवशीच चालू करावी. कारण आधी आलेल्या ऑर्डरी तरीही ठरल्या तारखेलाच पाठवाव्या लागतात.