फॉर्मॅलिनला न जुमानणारं प्रथिन

प्रिऑनचा इतिहास म्हटला की न्यू गिनीतला कुरू, ब्रिटनमधल्या वेड्या गाई आणि प्रुसिनर यांचं 1997 चं नोबेल आलंच. ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थेट झुरिकला जातो.

1974 मध्ये तिथे एका 69 वर्षांच्या बाईंच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड घातले होते. त्यांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोग होता. इलेक्ट्रोड स्वच्छ करून 70 टक्के अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत ठेवले गेले आणि पुढे अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांसाठी वापरले गेले. दोन वर्षांच्या आत दोघांनाही तोच रोग झाला. नंतरही ते इलेक्ट्रोड पुन्हा पुन्हा स्वच्छ केले गेले. दोनहून अधिक वर्षांनी ते एका चिंपांझीच्या मेंदूत घातले, तेव्हा अठरा महिन्यांत तोही आजारी पडला.

जंतुनाशनाचे आपले बहुतेक उपाय जंतूची जनुकं किंवा आवरण मोडतात. प्रिऑनला दोन्ही नाहीत. टिकवा अल्पर यांनी 1960 च्या दशकातच दाखवलं होतं की न्यूक्लिक अॅसिड हमखास उद्ध्वस्त करणाऱ्या अतिनील किरणांनी मेंढ्यांच्या स्क्रेपीचा कारक निकामी होत नाही. तरीही कित्येक विद्वान पुढची दोन-तीन दशकं 'लपलेला विषाणू' शोधत राहिले. त्यांच्याशी मी अनेक परिषदांत भांडलो आणि आजही भांडेन. सामान्य प्रिऑन प्रथिन नसलेले उंदीर स्क्रेपीची लागण करूनही आजारी पडत नाहीत, हे 1993 मध्ये सिद्ध झालं. लपलेला विषाणूच कारण असता, तर एक प्रथिन काढल्याने रोग का थांबावा?

इथे संसर्ग म्हणजे घडीचा आकार. बिघडलेलं प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनाला आपल्यासारखी घट्ट, सपाट घडी घालायला लावतं. ही घडी उलगडली किंवा प्रथिनाचे तुकडे झाले, तरच ते निरुपद्रवी होतं. फॉर्मॅलिन प्रथिनं एकमेकांना सांधतं, म्हणजे घडी पक्की करतं. 121 अंशांवर पंधरा मिनिटांचं नेहमीचं ऑटोक्लेव्हही पुरत नाही. मेंदूचा अंश अवजारावर वाळला की तो पोलादाला घट्ट चिकटतो, मग वाफेचा परिणाम आणखी कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये कडक उपाय सुचवले: एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर, किंवा वीस हजार पीपीएम क्लोरीनच्या हायपोक्लोराइटमध्ये तासभर, आणि त्यानंतर ऑटोक्लेव्ह. पण हायपोक्लोराइट पोलादाला गंजवतं आणि बारीक पोकळ्यांत रसायन पोहोचेलच असं नाही. म्हणून मेंदूशी संबंध आलेली, नीट साफ न होणारी अवजारं जाळून नष्ट करणं हाच शहाणपणा.

आज शस्त्रक्रियागृहात टेपचा रंग बदलला की सगळे निश्चिंत होतात. ती टेप फक्त पाकीट तापलं, एवढंच सांगते. पूर्वी अवजारं हातात घेऊन न्याहाळणाऱ्या सिस्टर असत. ती शिस्त आता विरत चालली आहे, याचं मला मनापासून दुःख होतं.

न्यूरोसर्जन मित्रांना एकच विनंती: झपाट्याने वाढणारा स्मृतिभ्रंश असलेला रुग्ण बायोप्सीसाठी आला, तर शस्त्रक्रियेच्या आधीच निर्जंतुकीकरण विभागाला कळवा आणि वापरलेलं प्रत्येक अवजार ओलं ठेवा.